पाच खणांचं ताट, तीन ओळींचा निरोप

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणारे गाळे दाटीवाटीने उभे आहेत. कुठे पत्र्याची सर्कलं कापली जातात, कुठे प्रेसवर ताटं-वाट्या निघतात, तर कुठे नुसतं पॉलिशचं काम चालतं. अशा गाळ्याचा मालक व्यापाऱ्याला वगळून थेट गिऱ्हाईक शोधायला निघाला की आधी एक लांबलचक ईमेल तयार करतो. तो बहुधा घरातला शिकलेला मुलगा किंवा पुतण्या लिहून देतो. मेलला उत्तर आलं नाही की तोच मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला जातो. तिथेही शांतताच. मग कोणीतरी सांगतं, ‘अरे, तीन ओळींत लिही.’ सल्ला बरोबर आहे, पण त्या तीन ओळींबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत.

ते तपासायला एक नमुना घेऊ. मेल कल्पित आहे, पण त्याची चाल ओळखीची वाटेल. पाठवणारा भाईंदरचा ताटं बनवणारा कारखानदार आहे. ज्याला पाठवायचा तो अंधेरीतल्या कंपन्यांची कँटीन चालवणाऱ्या ठेकेदाराकडचा खरेदी अधिकारी. विषयाच्या जागी लिहिलंय, ‘आमच्या उत्पादनांची ओळख व आपल्यासोबत व्यवसायाची संधी मिळण्याबाबत’. पहिल्या परिच्छेदात कारखाना 1994 साली वडिलांनी कसा सुरू केला ते आहे. दुसऱ्यात यंत्रसामग्री, तिसऱ्यात डबे, पातेली, वाट्या, ग्लास, चमचे मिळून सगळ्या मालाची यादी. चौथ्यात ओझरतं एक वाक्य येतं: कँटीनसाठी लागणारं पाच खणांचं ताट 22 गेजच्या पत्र्यात आम्ही बनवतो आणि 500 नग तयार आहेत. पाचव्यात गुणवत्तेची ग्वाही, सहाव्यात जीएसटी नंबर आणि पैसे देण्याच्या अटी. शेवटच्या परिच्छेदात एका दमात पाच विनंत्या: सोबतचा कॅटलॉग पाहावा, पुरवठादारांच्या यादीत नाव नोंदवावं, नमुने मागवावेत, कारखान्याला भेट द्यावी आणि सोयीच्या वेळी फोन करावा.

गैरसमज: तीन ओळी म्हणजे मेलचा सारांश

बहुतेक लोक इथेच चुकतात. सात परिच्छेदांचा सारांश काढायला बसलं की प्रत्येक परिच्छेदातला एकेक शब्द उचलला जातो आणि असं काहीतरी तयार होतं: ‘1994 पासून स्टीलच्या सर्व भांड्यांचे दर्जेदार उत्पादक, वाजवी दर, वेळेवर पुरवठा, एकदा संधी द्या.’ हे छोटं आहे खरं, पण यावर वाचणाऱ्याने करायचं काय? असा मजकूर दिल्लीच्या वझीरपूरचा किंवा हरियाणातल्या जगाधरीचा कारखानदारही पाठवू शकतो, आणि पाठवतोही. मेल छोटा झाला, पण त्यातलं नेमकं जे होतं तेच गळालं.

मेल आणि निरोप यांची कामं वेगळी आहेत. मेल वाचून माणसाला पटावं लागतं, कधी तो छापून फाइलला लावला जातो, वरच्या साहेबाला दाखवला जातो. व्हॉट्सॲपवरच्या पहिल्या निरोपाचं काम एवढंच की समोरच्याने अंगठ्याने टाइप करता येईल असं एक उत्तर द्यावं. म्हणून काम शेवटापासून सुरू करायचं. पाच विनंत्यांमधली अशी एक निवडायची की जिला ‘हो’ म्हणायला समोरच्याला काही खर्च नाही, कुणाची परवानगी नको आणि उठून कुठे जायला नको. पुरवठादारांच्या यादीत नाव घालणं हे त्या अधिकाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतं. कारखान्याला भेट म्हणजे त्याचा अर्धा दिवस. फोन करा म्हणणं म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात घालणं. कॅटलॉग पाहा म्हटलं तर उत्तर द्यायचं कारणच उरत नाही. उरतं ते नमुन्याचं ताट. ते आपणच पाठवणार आहोत, तो फक्त ‘पाठवा’ म्हणणार.

विनंती ठरली की तिला आधार देणारी एकच माहिती शोधायची. ती चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. पाच खणांचं ताट, 22 गेज, 500 नग तयार. कँटीनच्या माणसाला 22 गेज कळतं, कारण पातळ पत्र्याची ताटं धुण्याच्या टाकीत एकमेकांवर आदळून काठाला वाकतात. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: 22 म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर, 24 म्हणजे साडेपाच दशांशाच्या आसपास. ‘दर्जेदार’ हा शब्द जे सांगू पाहतो ते ‘22 गेज’ दोन शब्दांत सांगून मोकळं होतं, आणि खोटं असेल तर मायक्रोमीटर लावून पकडताही येतं.

उरलेल्या वाक्यांना सरसकट कात्री लावायची नाही, त्यांच्या जागा बदलायच्या. मेल कागदावर काढून प्रत्येक वाक्यासमोर ते कुठे जाणार ते लिहावं. 1994 आणि वडिलांची गोष्ट प्रोफाइलवर. मालाची यादी व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये. जीएसटी नंबर आणि पैशाच्या अटी दुसऱ्या किंवा तिसऱ्या निरोपात, विचारल्यावर. ‘गुणवत्तेबाबत कोणतीही तडजोड केली जात नाही’ हे वाक्य मात्र कुठेच जात नाही. ते खोडावं. मूळ मेल तसाच ठेवायचा, कारण नमुना पसंत पडला की तो लागणारच आहे.

आता निरोप असा होतो:

> नमस्कार सर, मी अमुक, भाईंदर पूर्वेला आमचा स्टीलच्या ताटांचा कारखाना आहे. तुमचा नंबर तुमच्या स्टोअरमधून मिळाला.
> कँटीनसाठी पाच खणांचं ताट, 22 गेज, 500 नग तयार आहेत.
> दोन ताटं नमुन्याला गुरुवारी पाठवू का?

फोनच्या पडद्यावर या तीनच्या सहा-सात ओळी होतील. हरकत नाही. तीन ओळी म्हणजे तीन कामं: कोण आणि कुठून, काय आणि का, आता काय करायचं. ‘भाईंदर पूर्वेला’ हे शब्द पत्ता सांगण्यासाठी ठेवलेले नाहीत. वझीरपूरचा माल ट्रकने यायला दिवस लागतात, इथला टेम्पो दहिसर ओलांडून त्याच दिवशी अंधेरीत पोचतो. खरेदी करणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. ‘गुरुवारी’ हाही भरीचा शब्द नव्हे. तो काढला तर प्रश्न ‘कधीतरी पाठवू का’ असा होतो आणि उत्तरही कधीतरी येतं.

भाव का नाही, असं कोणीही विचारेल. स्टीलची भांडी बरीचशी किलोवर विकली जातात, त्यामुळे ताटाचं वजन न सांगता नगाचा भाव सांगितला की तो महाग तरी वाटतो, नाहीतर संशयास्पद स्वस्त तरी. शिवाय व्हॉट्सॲपवरचा भाव एका बोटाने दुसऱ्या पुरवठादाराकडे पुढे ढकलला जातो आणि ‘यापेक्षा कमी देतोस का’ म्हणून वापरला जातो. माझ्या मते पहिल्या निरोपात भाव नकोच. विचारला तर वजन, गेज आणि किलोचा दर तिन्ही एकत्र सांगावेत.

गैरसमज: आधी ‘नमस्कार सर’ एवढंच पाठवून बघावं

प्रत्यक्ष भेटीत आपण आधी नमस्कार करतो, समोरचा हसला की बोलायला लागतो. तीच सवय इथे येते. पण अनोळखी नंबरवरून नुसता ‘नमस्कार सर’ किंवा ‘हाय’ आला की आज पहिली शंका फसवणुकीची येते, आणि व्हॉट्सॲपही अशा अनोळखी निरोपाखाली ब्लॉक आणि रिपोर्टचे पर्याय देतं. म्हणजे आपण तोंड उघडायच्या आधीच दार लावायची सोय तयार असते. वरून उत्तर द्यायचं तर ‘बोला, काय काम आहे’ हे टाइप करण्याचं ओझं त्याच्यावर.

तीन ओळींचे तीन निरोप करणं हा याचाच भाऊ. काही फोनवर एंटर दाबलं की निरोप सुटतो, म्हणून लोक एकेक ओळ धाडत राहतात. लॉक असलेल्या फोनवर बहुधा शेवटचा निरोप वर दिसतो. म्हणजे त्या अधिकाऱ्याला एका अनोळखी नंबराखाली दिसणार ‘दोन ताटं नमुन्याला गुरुवारी पाठवू का?’ आणि तो चक्रावणार. मजकूर नोट्समध्ये लिहून एकत्र चिकटवला की हा घोटाळा होत नाही. सूचनेच्या पट्टीत सुरुवातीचे काही शब्दच मावतात, म्हणून ‘आपण सहकुटुंब कुशल असाल अशी आशा करतो’ याला तिथे जागा नाही. नाव, गाव आणि ताट पहिल्या वाक्यात हवं.

गैरसमज: सगळीकडे तोच मजकूर चालतो

व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाकडे आपलं काय जातं? नंबर, एक फोटो आणि आपण प्रोफाइलला ठेवलेलं नाव, तेही 25 अक्षरांच्या आतलं. बस. म्हणून तिथे ‘मी कोण आणि नंबर कुठून मिळाला’ यावर एक अख्खी ओळ खर्च करावीच लागते. नंबर कुठून मिळाला हे न सांगणारा निरोप कितीही सुबक असला तरी वाचणाऱ्याच्या मनात तोच प्रश्न राहतो. फोटोच्या जागी देवाचं किंवा मुलाचं चित्र न ठेवता ताटांच्या चळतीसमोर उभा असलेला आपला फोटो ठेवला तर एक ओळ आपोआप वाचते.

लिंक्डइनवर परिस्थिती उलटी. तिथे निरोपाबरोबर नाव, हुद्दा, कारखाना, गाव आणि ओळखीचे दुवे सगळं आपसूक जातं. ‘मी अमुक, अमुक कंपनीचा भागीदार’ हे पुन्हा लिहिणं म्हणजे जागा वाया. त्या बदल्यात दुसरी अडचण आहे. ओळख नसलेल्या माणसाला जोडण्याची विनंती करताना सोबत जी चिठ्ठी देता येते तिला फुकटच्या खात्यावर 200 अक्षरांची मर्यादा आहे, पैसे भरून घेतलेल्या प्रीमियम खात्यावर 300. फुकटच्या खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, तेव्हा त्या उधळायच्या नसतात. आणि चिठ्ठीला कॅटलॉग किंवा फोटो जोडताच येत नाही.

आपलं ताट तिथे असं बसतं:

> नमस्कार. तुमच्या कंपनीच्या कँटीनसाठी ताटांची खरेदी तुमच्याकडे आहे असं प्रोफाइलवर दिसलं. आम्ही भाईंदरला पाच खणांची 22 गेजची ताटं बनवतो. दोन नमुने कोणाकडे पाठवू?

मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून ही 159 अक्षरं झाली. स्टोअरमधून नंबर मिळाल्याची ओळ गेली, कारण इथे नंबरचा संबंधच नाही. तिची जागा ‘प्रोफाइलवर दिसलं’ने घेतली, म्हणजे मी तुमचं प्रोफाइल उघडून वाचलंय, शंभर जणांना एकदम पाठवलेलं नाही. प्रश्नही बदलला. ‘गुरुवारी पाठवू का’ला इथे लगेच उत्तर मिळण्याची खात्री नसते, कारण अनेक जण लिंक्डइन आठवड्यातून एकदाच उघडतात. गुरुवार उलटून गेलेला असतो. ‘कोणाकडे पाठवू’ कधीही वाचलं तरी ताजं राहतं, आणि त्याने फक्त विनंती स्वीकारली तरी काम झालं. पुढचा निरोप मोठा लिहिता येतो, फोटोसकट.

गैरसमज: मराठीत लिहिलं तर जागा जास्त लागते

हा समज कुठून आला ते सांगता येतं: एसएमएसवरून. रोमन लिपीतला एसएमएस 160 अक्षरांचा असतो. त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी मर्यादा थेट 70 वर येते, आणि निरोप त्याहून मोठा असेल तर 67-67 अक्षरांचे तुकडे पडतात. आपली 159 अक्षरांची चिठ्ठी एसएमएसने पाठवली तर तीन एसएमएसचे पैसे पडतील. तिथे तक्रार रास्त आहे.

लिंक्डइनच्या मर्यादेला हे लागू नाही. मात्र यंत्र अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. ‘तुम्ही’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, यंत्राला सहा: त, उकार, म, हलन्त, ह, वेलांटी. हे पाहून लोक घाबरतात आणि रोमनमध्ये मराठी लिहायला लागतात. पण रोमनमध्ये प्रत्येक व्यंजनामागचा ‘अ’ सुद्धा टाइप करावा लागतो, देवनागरीत तो फुकट मिळतो. ‘भाईंदर’ देवनागरीत सहा, रोमनमध्ये नऊ. ‘आपण’ तीन, रोमनमध्ये पाच. ‘तुम्ही’सारख्या जोडाक्षरांच्या शब्दात रोमन एखाद्या अक्षराने पुढे जाते, एवढंच. एकूण हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो, तेव्हा भाषा जागेसाठी बदलू नये. बदलायची तर माणसासाठी बदलावी. मीरा-भाईंदरच्या बाजारात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी चारही चालतात. ज्या भाषेत तो फोनवर बोलेल त्या भाषेत लिहावं.

गैरसमज: लिंक किंवा पीडीएफ जोडली की तीन ओळींची भरपाई होते

अनोळखी नंबरवरून आलेली लिंक व्हॉट्सॲपवर अनेकदा दाबताच येत नाही. आधी नंबर जतन करावा लागतो किंवा उत्तर द्यावं लागतं. म्हणजे ज्याने अजून उत्तर दिलेलं नाही त्याच्यासाठी तुमचा कॅटलॉग बंदच. फाइलचं तर आणखी कठीण. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल पाठवून फोन ताब्यात घेण्याच्या फसवणुकींबद्दल 2024 च्या अखेरीस ठिकठिकाणच्या पोलिसांनी इशारे दिले होते, आणि तेव्हापासून सावध माणूस अनोळखी फाइल उघडतच नाही. पीडीएफ एपीके नसते हे त्याला माहीत असेलही, पण तो तपासत बसणार नाही.

एक फोटो मात्र चालतो, तोही नीट निवडलेला. चकचकीत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं ताट कुणाचंही असू शकतं. ताटाच्या काठाला मायक्रोमीटर लावलेला, आकडा वाचता येईल असा जवळून काढलेला फोटो म्हणजे पुरावा. फोटो पाठवायचा तर तिन्ही ओळी त्याच्याच खाली कॅप्शनमध्ये लिहाव्यात.

गैरसमज: छोटं लिहिलं की उर्मट वाटतं

ही भीती खास आपली आहे, आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. ‘ताटं आहेत. हवी का?’ हे छोटं आहे आणि उर्मटही. पण त्यात कमी पडलंय ते नमस्कार आणि ‘सर’. तेवढं घातलं की सूर लगेच बदलतो. मराठीत आदर क्रियापदात असतो. ‘पाठवू का?’ विचारण्यात समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक आहे, ‘कळवावे’ यात ती नाही. ‘आपल्या सेवेची एक संधी द्यावी ही नम्र विनंती’ या ओळीत नम्रता दिसते, पण कोणती सेवा, कधी, किती ते शोधायचं काम वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडतं. संबोधन मात्र माणूस पाहून. कंपनीतल्या अधिकाऱ्याला ‘सर’ किंवा ‘मॅडम’, गाळ्याच्या मालकाला ‘शेठ’. ‘डिअर सर/मॅडम’ लिहिलं की आपण समोर कोण आहे हे पाहिलंच नाही, अशी आपणच कबुली देतो.

ब्रॉडकास्ट लिस्टचा मोह याच भीतीतून येतो: एकेकाला लिहायला संकोच, म्हणून 256 जणांना एकदम. पण ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो. नव्या गिऱ्हाइकांकडे तो जातच नाही, पाठवणाऱ्याला मात्र वाटतं की सगळ्यांनी वाचून सोडून दिलं.

निळ्या खुणांचंही तसंच. त्या दिसल्या तर निरोप उघडला गेला एवढंच कळतं, आणि वाचल्याची पोच कुणी बंद ठेवली असेल तर वाचूनही खुणा करड्याच राहतात. त्यामुळे करड्या खुणा पाहून ‘अजून वाचलं नसेल’ असं म्हणत तोच निरोप पुन्हा चिकटवू नये. चार-पाच दिवसांनी दुसरा लिहायचा तो नव्या माहितीसह: ‘सर, ताटाचं वजन आज काट्यावर करून घेतलं, फोटो पाठवतोय. नमुना या आठवड्यात नको असेल तर पुढच्या महिन्यात विचारू का?’ यालाही उत्तर नाही आलं तर त्या नंबरवर तिसरा निरोप नको. आता तो जुना सात परिच्छेदांचा मेल उघडावा, विषयाच्या जागी ‘कँटीनसाठी पाच खणांचं ताट, 22 गेज, नमुना तयार’ असं लिहावं, चौथा परिच्छेद उचलून पहिला करावा आणि त्यांच्या स्टोअरच्या पत्त्यावर पाठवावा.